उभे, बसलेले आणि बाकीचे

गेल्या रविवारी शुभाताईच्या लेकीने आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हा मोठा करून गावच्या घरी ओटीवर लावणार आहे. खाली एक ओळ हवी. सगळ्यांनी छानसं कॅप्शन सुचवा."

छानसं काही सुचवायला आमच्या घरात कधीच माणसं कमी पडत नाहीत. दहा मिनिटांत आठ ओळी येऊन पडल्या. 'आठवणींच्या हिंदोळ्यावर' ही पुण्याहून आली. 'मातीची ओढ' ज्याने पाठवली तो गेल्या अकरा वर्षांत गावी फिरकलेला नाही. बडोद्याच्या वहिनींनी 'एका घराची अकरा पाखरं' असं लिहिलं, त्याखाली गावाहून विन्याचं उत्तर आलं, "पाखरं कसली, माकडं होती. मी त्यातलाच एक आहे, म्हणून सांगतो." मग नेहमीप्रमाणे मूळ विषय बाजूला पडला आणि फोटोतली डावीकडून तिसरी मी की मीनू, यावर संध्याकाळपर्यंत वाद चालला. (मी आहे. मीनूच्या तेव्हा दोन वेण्या होत्या.)

फोटो १९९३ च्या मे महिन्यातला आहे. राजापूर तालुक्यातलं आमचं घर, पुढचं खळं, मागे ओटीच्या पायऱ्या. सात जण उभे, चार जण बसलेले. कुणी चुलत, कुणी आत्ये, पण आम्ही तेव्हा तसं कधी म्हटलं नाही, सगळी भावंडंच. वय पाच ते चौदा. मुली परकर-पोलक्यात किंवा कुणाच्या तरी जुन्या फ्रॉकमध्ये, मुलगे बनियन आणि हाफपँटमध्ये. आणि सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, दोन्ही हात पुढे करून तळवे कॅमेऱ्याकडे धरलेले आहेत. पंगतीत खीर वाढून घ्यायला बसल्यासारखे.

आमची पुढची पिढी हा फोटो पाहिला की पहिला प्रश्न हाच विचारते. हात असे का? आम्ही आजवर सांगत आलो की अण्णाकाका म्हणाले, "हात दाखवा," म्हणून दाखवले. ते खरंही आहे. पण ते का म्हणाले, हा प्रश्न त्या वेळी आम्हाला पडला नव्हता, आणि नंतर बत्तीस वर्षं पडला नाही.

या फोटोला 'मातीची ओढ' म्हणता येणार नाही, एवढं मात्र मला पहिल्यापासून माहीत होतं. कारण तो काढला त्याच्या तासभर आधी आम्ही काय करत होतो ते मला ठाऊक आहे. आता सगळे चाळिशीच्या आसपासचे झालो, मुदत संपली असं धरून सांगते.

---

तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण धावू लागली १९९८ साली. आम्ही मुंबईची पाच जणं रात्रीच्या एसटीने यायचो, कशेडी घाटात दोघांना हमखास उलटी व्हायची आणि पहाटे राजापुरात उतरेपर्यंत सगळ्यांच्या अंगाला एकच वास असायचा. पुण्याची तिघं दुसऱ्या दिवशी यायची. बडोद्याची दोघं सगळ्यांत उशिरा, कारण त्यांना आधी मुंबई गाठावी लागे. अकरावा विन्या, तो तिथलाच. अण्णाकाकांचा मुलगा. आम्ही सुट्टीवर यायचो आणि त्याची सुट्टी आम्ही आलो की संपायची, कारण अकरा पोरांच्या वाटणीची कामं त्या एकट्यालाच येत होती.

आता बाहेरच्या लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. कोकणात ज्यांचं घर, ज्यांच्या हापूसच्या कलमांना फळ लागतं, त्यांची पोरं मेमध्ये हापूस आंब्यांवर लोळत असतील असं लोकांना वाटतं. मुंबईच्या शाळेत माझ्या मैत्रिणींना वाटायचं. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

खरा प्रकार असा होता. घरात आंब्याच्या दोन जाती, म्हणजे पोरांच्या हिशेबाने. एक रायवळ. कोयीपासून आपोआप उगवलेली जुनी दांडगी झाडं, त्यांना खताचं पाणी नाही की फवारणी नाही. प्रत्येक झाडाचा आंबा वेगळा, म्हणून प्रत्येक झाडाला नाव वेगळं. खोबऱ्या, साखऱ्या, शेपूचा वास येणारा शेप्या, गोटीएवढी बिटकी. हे आंबे सकाळी झाडाखाली वेचून आणायचे, बादलीत पाण्यात टाकायचे आणि खळ्याच्या कडेला बसून चोखायचे. कितीही. कुणी मोजत नसे. कोपरापर्यंत रस, दातात धागे, ओठांच्या कडेला चीक लागून आलेले फोड.

दुसरी जात हापूस. तो मोजायचा असे. अण्णाकाका झेल्याने उतरवायचे तो चौदा आणे झालेला आंबा, म्हणजे पूर्ण वाढलेला पण हिरवा. त्यातला चांगला माल पेटीत जाई, चार-पाच डझनांच्या लाकडी पेट्या, त्या मुंबईला. त्या पैशांवर घराचा पुढच्या वर्षाचा बराचसा कारभार चाले, ते आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. घरासाठी, पाहुण्यांसाठी आणि द्यायघ्यायला म्हणून राखलेला आंबा अढीत पडे. आम्हा पोरांच्या वाट्याला दुपारच्या जेवणात एकेक फोड, आणि ती बहुतेक डागी आंब्याची. डाग काढून टाकल्यावर उरेल तेवढी. हापूसला एका बाजूने नेहमी खड्डा असतो, असं माझ्या बडोद्याच्या धाकट्या भावाला बरीच वर्षं वाटत होतं.

---

अढीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गुन्ह्याची जागा ती.

मागच्या पडवीला लागून एक अंधारी खोली होती. जमीन शेणाने सारवलेली. तिच्यावर भाताचा सुका पेंढा पसरायचा, त्यावर आंब्यांचा एक थर, आंबा आंब्याला फार घासू नये असा. पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. असे दोन-तीन थर, त्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर खालच्याला भार होतो आणि ऊब कोंडून आंबा उतरतो. देठाला थोडी दांडी ठेवलेली असते, ती तुटली तर चीक सालीवर सांडतो आणि तिथे काळा डाग धरतो. दर दोन-तीन दिवसांनी अढी चाळायची. पिकत आलेला वर, कच्चा खाली, डाग धरलेला बाहेर. आठ-दहा दिवसांत आंबे तयार होऊ लागतात. पण सगळे एकदम नाही, आणि खरी मेख इथेच आहे. अढीत एका वेळी हिरवे, पिवळट आणि पिकलेले शेजारी शेजारी झोपलेले असतात, आणि अंधारात सगळे सारखे दिसतात.

खोलीला कुलूप. किल्ली आजीच्या कनवटीला. आजी दुपारी माजघरात आडवी व्हायची ती किल्लीच्या कुशीवर.

आणि खोलीला मागच्या बाजूने एक खिडकी होती. लाकडी गजांची. त्यातला एक गज वाळवीने खाल्ला म्हणून काढलेला, नवा बसवायचा राहिलेला. एवढ्या फटीतून मांजर जाई. शुभाताईने मांजराकडे पाहिलं, मग बाळ्याकडे पाहिलं.

बाळ्या पाच वर्षांचा. पुण्याचा. अंगाने काडी, पण डोकं मोठं. शुभाताई चौदा वर्षांची आणि वर्गात सतत मॉनिटर असल्यामुळे तिला कुठलीही गोष्ट पद्धतशीर करायची सवय होती. तिने सुतळीने आधी खिडकीची फट मोजली, मग बाळ्याचं डोकं. डोकं जातंय म्हटल्यावर बाकीचा बाळ्या जाणारच, हा तिचा सिद्धांत.

विन्या सुरुवातीला विरोधात होता. त्याला अढी चाळायला लागायची, त्याने ती रचलेली होती, आणि बाबांचा हात त्याला माहीत होता. पण मग आम्ही दहा जणांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याच्यातल्या जाणकाराला राहवलं नाही. "वरचे पिवळे दिसतात ते घेऊ नको," तो बाळ्याला म्हणाला. "दिसण्यावर जायचंच नाही. उचल, देठापाशी हुंग. वास आला तर बाहेर दे, नाही आला तर होता तस्सा ठेव." आज एखादा आंबेवाला मला पेटीच्या वरच्या थराचा रंग दाखवतो, तेव्हा मी फळ उलटं करून देठापाशी नाक नेते. हे शिक्षण त्या खिडकीबाहेर उभं राहून झालं.

दुपारी अडीचला बाळ्या आत गेला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग नाकाने जोरजोरात हुंगल्याचा आवाज. मग गजांमधून एक हात आणि हातात आंबा. विन्याने तो हुंगून मान डोलावली. पुढचा. पुढचा. मीनू मोजत होती. प्रत्येकी दोन, असे बावीस झाल्यावर शुभाताईने थांबवलं. शिस्त म्हणजे शिस्त.

आणि बाळ्या बाहेर येईना.

डोकं आलं, खांदे आले, पोटापाशी अडकला. दोघांनी हात धरून ओढलं तर तो किंचाळायच्या बेतात. आजी सात हातांवर, भिंतीपलीकडे. मीनूने स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून खोबरेल तेलाची वाटी आणली (फणस सोलताना चीक चिकटू नये म्हणून ती नेहमी तिथे असे) आणि आम्ही बाळ्याला तेल लावलं. तरी हलेना. शेवटी विन्याने बनियनच्या आत हात घातला आणि सगळा उलगडा झाला. आत एक आंबा होता. बाळ्याने स्वतःसाठी वेगळा काढून ठेवलेला. तो सोडायला तो तयार नव्हता. "हा माझा पगार आहे," असं म्हणाला तो. आज तो एका बँकेत कर्ज वसूल करतो, हे कुणालाच आश्चर्याचं वाटत नाही.

तर असे तेवीस.

---

न्हाणीमागे सांडपाणी जिथे जातं तिथे अळवाचं बन होतं. पुरुषभर नाही, पण बसलं तर पोरं दिसत नाहीत इतकं. तिथे आम्ही अकरा जण उकिडवे बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा अख्खा हापूस खाल्ला. बिनडागाचा. दोन्ही गालांचा.

मला वाटतं चवीबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. तीन आंब्यांत साका निघाला, ते सांगते. साका म्हणजे आतला गर कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट होतो, आणि फळ बाहेरून इतकं सुंदर असतं की कुणाचा बाप ओळखू शकणार नाही. देठापाशी हुंगूनही ओळखता येत नाही. माझ्या दोनपैकी एकात तो होता. चोरीच्या मालाची तक्रार कुणाकडे करायची, म्हणून मी तो साक्यासकट खाल्ला.

मग प्रश्न आला साली आणि कोयींचा. साली गोठ्यात गेल्या, गायीने दोन मिनिटांत पुरावा नष्ट केला. कोयींचं काय? विहिरीत टाकूया, असं बडोदा म्हणालं. त्या तरंगतात, असं विन्या म्हणाला. शेवटी अळवातच पुरायचं ठरलं. जमीन ओली, भुसभुशीत, काठीने उकरली तरी खड्डा होत होता. आणि इथे शुभाताईच्या स्वभावाने आमचा घात केला. आम्ही दिसेल तिथे पुरायला निघालो होतो, पण तिला तो पसारा बघवेना. तिने सुतळी ताणली. तीच, बाळ्याच्या डोक्याची. सुतळीच्या कडेने, एकेक वितीवर, एकेक कोय. सगळ्या एका ओळीत.

हात डोणीत धुतले. तोंडं धुतली. साडेचारला चहाच्या वेळी ओटीवर येऊन इतकं गुणी बसलो की मोठ्या काकूने कपाळाला हात लावून बघितला, कुणाला ताप तर नाही ना.

आणि तेव्हा अण्णाकाका कॅमेरा घेऊन बाहेर आले.

त्यांचा तो हॉटशॉट. रोल छत्तीस फोटोंचा, आणि तो वर्षभर पुरवायचा, असा त्यांचा नियम. गणपतीला चार, शिमग्याला चार, कुणाच्या मुंजीला सहा. रोल संपला की रत्नागिरीला धुवायला जायचा. त्यांनी उगाच, एका साध्या दुपारी, कुठला सण नाही वार नाही, आमचा फोटो काढावा हा आमच्या दृष्टीने चमत्कार होता. आम्ही धावलो. त्यांनी उंचीप्रमाणे उभं केलं, धाकट्यांना पुढे बसवलं. "हसा. दात दिसू देत," म्हणाले. मग म्हणाले, "हात दाखवा. असे पुढे करा. सगळ्यांनी." आम्ही केले. एक क्लिक. "झालं," म्हणाले आणि आत गेले.

काका आपल्यावर खूश आहेत, असं आम्ही समजलो.

---

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आपापल्या गावी परतलो, शाळा सुरू झाल्या. जुलैच्या मध्यावर मुंबईला, पुण्याला आणि बडोद्याला एकाच दिवशी लिहिलेली तीन अंतर्देशीय पत्रं आली. पाऊस, लावणी, आजीचे गुडघे, सगळं नेहमीसारखं. आणि शेवटच्या घडीवर, जिथे लोक 'मुलांना आशीर्वाद' लिहितात, तिथे लिहिलं होतं: "मुलांस सांगणे. न्हाणीमागच्या अळवात १९ आंबे रुजले आहेत. सर्व एका ओळीत, वितीच्या अंतराने. कावळे व वानरे इतक्या शिस्तीने कोयी टाकत नाहीत. शुभाचे विशेष कौतुक."

आमच्या घरी वडिलांनी ते मोठ्याने वाचलं. त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त चष्म्यावरून पाहिलं. पुण्याला बाळ्याने रडून सगळं कबूल केलं, पगारासकट. पण आम्हा थोरांना त्या पत्रात एक समाधानाची जागा सापडली होती. एकोणीस. काकांना एकोणीसच कळले होते! चार कोयी रुजल्याच नव्हत्या. म्हणजे चार आंबे आम्ही पचवले होते. पुढची कित्येक वर्षं भावंडं भेटली की कुणीतरी हळूच चार बोटं दाखवायचं आणि सगळे हसत सुटायचो.

काकांनी त्या रोपांचं काय केलं, ते आम्हाला पुढच्या मेमध्ये विन्याकडून कळलं.

हापूसची कोय लावून हापूस येत नाही. हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आम्हा शहरी शेंबड्यांना नव्हतं. कोयीतून येणारं झाड आईसारखं निघत नाही, ते रायवळच होतं. हापूस हवा तर हापूसच्या फांदीचं कलम करावं लागतं. पूर्वी भेटकलम करायचे, म्हणजे रोपाचं मडकं मोठ्या झाडापाशी टांगून दोघांच्या फांद्या एकमेकींना बांधून महिनोन्महिने वाट बघायची. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोयकलम कोकणात रुजवलं आणि काम सोपं झालं. अण्णाकाका ते तिथेच शिकून आले होते. त्यासाठी लागतं काय, तर पावसाच्या तोंडाला नुकतं फुटलेलं, तांबूस पानांचं, खाली कोय अजून चिकटलेली आहे असं कोवळं रोप.

म्हणजे आम्ही त्यांना एका ओळीत पेरून ठेवलं होतं तेच.

त्यांनी एकोणीसातली बरी चौदा रोपं कोयीसकट अलगद उपटली. देठ कोयीपासून तीन-चार बोटांवर कापला, ब्लेडने मधोमध उभी चीर दिली. घरच्या जुन्या कलमाच्या तितक्याच जाडीच्या काड्या घेतल्या. त्यांची पानं त्यांनी आठवडाभर आधीच खुडून ठेवली होती, त्यामुळे शेंड्याचे डोळे फुगलेले होते. काडीचं टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवलं, साल सालीला लागेल असं, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळून पिशवीत लावलं. सगळी करामत पाचर आणि चीर यांच्या मापात असते. सैल राहिली की पाणी शिरून सांधा कुजतो. दोन-तीन आठवड्यांनी काडीला कोंब आला तर जमलं. काडी काळी पडली तर गेलं. चौदापैकी आठ जमली. पुढच्या पावसात त्यातली पाच सड्यावर लागली. सडा म्हणजे वर सगळा जांभा कातळ, पहारीनेही खड्डा होईना म्हणून सुरुंग लावून फोडला आणि खालून माती आणून भरली. पहिले तीन उन्हाळे विन्याने त्यांना कावडीने पाणी घातलं. एक गुरांनी खाल्लं. चार उभी राहिली.

"तुम्ही खाल्लंत दोन दोन," विन्या म्हणाला, "आणि मी तीन वर्षं पाणी वाहिलं." ते तो अजून म्हणतो. त्या चार कलमांचा आंबा सहाव्या-सातव्या वर्षी पेटीत जायला लागला आणि अजून जातो.

अळवात उरलेल्या पाच रोपांपैकी चार काकूने तण म्हणून उपटली. एक न्हाणीच्या भिंतीआड राहून गेलं, कुणाच्या लक्षात आलं तेव्हा कौलांच्या वर गेलेलं होतं. त्याला आंबे येतात. आई हापूस असल्याची एकही खूण त्यांच्यात नाही. लांबट, एका बाजूला वाकडे, भरपूर धागे, आणि पिकले तरी साल हिरवीच. त्याचं नाव अर्थात 'बाळ्या'. "बाळ्याचं लोणचं बरं होतं," असं आमच्या घरात सहज बोललं जातं आणि नव्या सुना दचकतात. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी ग्रुपवर आली, तेव्हा खऱ्या बाळ्याने विचारलं होतं की त्याच्या झाडाला वारसाहक्काने काही मिळेल का. मीनूने उत्तर दिलं, "पगार."

---

तर मूळ मुद्दा, कॅप्शन.

मंगळवारपर्यंत ओळींची संख्या चोवीसवर गेली होती आणि एकही शुभाताईच्या लेकीला पसंत नव्हती. मी 'गुणी मुलं' असं सुचवलं. विन्याने चार बोटांचं चित्र टाकलं, त्यावर आम्ही अकरांनी हसून घेतलं आणि बाकीच्यांना काही कळलं नाही.

शेवटी पोरीने थेट गावी फोन लावला. अण्णाकाका आता शहाऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, दिसतं उत्तम. विन्याने त्यांना फोनवर फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी म्हणे बराच वेळ पाहिला. एकेकाचे हात बोटांनी मोठे करून पाहिले. नखं पाहिली. मग म्हणाले, "रंगीत रोल होता म्हणून बरं. पिवळं आलंय नीट."

विन्याला कळेना. तेव्हा त्यांनी त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथे आता अढी पडत नाही, आंबे क्रेटमध्ये असतात, पण दार तेच आहे. दाराच्या आतल्या बाजूला, अढी घातली की तारीख आणि नग खडूने लिहायची त्यांची पद्धत होती. रोज काढलेले नग वजा करून खाली शिल्लक. आम्ही आत गेलो ते खिडकीतून, आणि गेला तो पाच वर्षांचा बाळ्या, त्यामुळे दारामागे काय असतं ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नव्हतं. विन्यानेसुद्धा आंबे रचले होते, हिशेब नव्हता ठेवला. खडूचं आता तिथे काही उरलेलं नाही, सगळं पुसलं गेलंय. पण काका त्या दिवशी चार वाजता अढी चाळायला आत गेले होते, एवढं त्यांनी सांगितलं. मग कॅमेरा शोधायला गेले.

फ्रेमखालची ओळ त्यांनीच दिली. शाळेतल्या जुन्या फोटोंखाली असते त्या पद्धतीची, विन्याने ती जशीच्या तशी ग्रुपवर टाकली:

"उभे ७. बसलेले ४. आंबे २३."